तेल जातं कुठे?

"कानात काही घातलं होतं का?" असं विचारलं तर उत्तर येतं, "नाही." "तेल कोणतं घातलं होतं?" असं विचारलं तर उत्तर येतं, "खोबरेल. लसूण टाकून."

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कान-नाक-घशाचा दवाखाना चालवते. पहिल्या प्रश्नाला "नाही" म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी तेल म्हणजे औषध नव्हे, आणि "काही" तर मुळीच नव्हे. डोक्याला लावतो, बाळाच्या टाळूवर भरतो, तसंच दोन थेंब कानात. त्यामुळे मी दुसराच प्रश्न विचारते. त्यात ठपका नसतो, म्हणून उत्तर खरं मिळतं आणि सोबत पाककृतीही मिळते. लोखंडी पळीत चमचाभर तेल घ्यायचं, दोन लसूणपाकळ्या टाकायच्या, त्या लाल झाल्या की पळी उतरवायची, कोमट झालं की कापसाची वात बुडवून कानात पिळायची. वरून कापसाचा बोळा.

या कृतीतल्या लसणापासूनच सुरुवात करते, कारण लोकांचा सगळा भरवसा त्याच्यावर असतो. लसणाच्या जंतुनाशक गुणाची जी ख्याती आहे ती मुख्यतः ॲलिसिन या घटकाची. हा घटक अख्ख्या पाकळीत तयार नसतो. पाकळी ठेचली की तिच्या पेशी फुटतात, आतलं ॲलिइन आणि ॲलिनेज नावाचं विकर एकमेकांना भेटतात आणि मग ॲलिसिन बनतं. हे विकर उष्णतेने निकामी होतं. म्हणजे अख्खी पाकळी तापल्या तेलात सोडून लाल केली, तर तेलाला वास भरपूर लागतो, पण ज्याच्यासाठी लसूण घातला ते त्यात फारसं उतरत नाही. कुणी म्हणेल, मग कच्चा ठेचून घालावा. ठेचलेला कच्चा लसूण कातडीवर बांधून ठेवला तर भाजल्यासारखे फोड येतात. हाताच्या कातडीला जे सोसत नाही, ते कानातल्या कातडीला कसं सोसावं?

ती कातडी कशी आहे, हे आधी सांगायला हवं. मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा. तिथे केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. तिथली कातडी अतिशय पातळ, जवळजवळ थेट हाडावर चिकटलेली. नळीच्या टोकाला पडदा. ही नळी एका तोंडाची आहे. बाहेरून आत जाता येतं, पलीकडे बाहेर पडता येत नाही. तिची सफाईही ती स्वतःच करते: पडद्यावरची कातडी सावकाश बाहेरच्या बाजूला सरकत येते आणि मळ, धूळ, मेलेल्या पेशी सोबत घेऊन येते. मळ किंचित आम्ल असतो आणि त्यामुळे जंतू आणि बुरशी यांना तिथे सहजासहजी ठाव मिळत नाही.

आता कानदुखीकडे येऊ. लहान मुलाला सर्दी होते, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ते कान धरून किंचाळत उठतं. हा ठणका बहुतेक वेळा पडद्याच्या अलीकडचा नसतो, पलीकडचा असतो. नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते. सर्दीत ती सुजून बंद होते, मधल्या कानात पाणी आणि मग पू साठतो, पडदा लाल होऊन फुगतो. पडदा शाबूत असेल तर बाहेरून घातलेलं तेल त्याच्या पलीकडे जात नाही. दुखणं भिंतीच्या त्या बाजूला, तेल या बाजूला.

तरी आई सांगते, "तेल घातलं आणि पोर झोपलं." तिचंही खरं असतं. कोमट शेकाने दुखणं तात्पुरतं हलकं होतं. शिवाय मुलांच्या या दुखण्याची एक चाल आहे. उपाय कोणताही करा, बहुतेक मुलांची कळ दोन-तीन दिवसांत ओसरते. काही मुलांत पडदा एके ठिकाणी फुटतो, पू वाहून जातो, दाब उतरतो आणि पोर क्षणात शांत होतं. सकाळी उशीवर पिवळा डाग दिसतो. घरात समजतात की तेलाने घाण बाहेर काढली. प्रत्यक्षात पडद्याला भोक पडलेलं असतं. ते बहुधा आपोआप भरून येतं, पण भरेपर्यंत कान कोरडा राहायला हवा. नेमक्या त्याच वेळी, गुण आला म्हणून, तेल दुप्पट उत्साहाने घातलं जातं. या वेळी मात्र ते भोकातून थेट मधल्या कानात उतरतं.

तेल घालताना नुसत्या डोळ्यांना पडदा दिसत नाही, सगळी अडचण इथून सुरू होते. भोक आहे की नाही हे घालणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

एका पावसाळ्यातली एक पेशंट सांगते. चाळिशीतली बाई, उसाच्या रानात भांगलणीला जाणारी, सोबत सासू. उजव्या कानाला आधी खाज सुटली होती. पावसाच्या दिवसांत ती बऱ्याच जणांना सुटते. तिने आकड्याने कान कोरला. खाज वाढली, म्हणून रात्री लसणाचं तेल सुरू केलं आणि वारा लागू नये म्हणून कापूस. पहिले तीन-चार दिवस बरं वाटलं. मग कानाला दडा बसला. दडा फुटावा म्हणून आणखी तेल. पंधरवड्याने पातळ, काळपट पाणी येऊ लागलं आणि जबडा हलवला तरी दुखू लागलं, तेव्हा ती आली.

मी कानाची पाळी हलकेच ओढली तर ती कळवळली. ही खूण महत्त्वाची. पाळी ओढून किंवा कानाच्या पुढचा उंचवटा दाबून दुखत असेल तर आजार बाहेरच्या नळीत असतो. मधल्या कानाच्या दुखण्यात पाळी ओढली तरी फारसं काही होत नाही. दुर्बिणीखाली नळी सुजलेली होती आणि आत करड्या रंगाचा ओला गोळा, त्यावर काळे ठिपके. आमच्या पाठ्यपुस्तकांत याला भिजलेल्या वर्तमानपत्राची उपमा दिलेली आहे. ही बुरशी, बहुतेक वेळा ॲस्परजिलस नायजर. ठिपके म्हणजे तिची बीजं. दमट हवा, आकड्याने खरचटलेली कातडी, बोळा घालून कोंडलेलं तेल आणि धुऊन गेलेला मळाचा आम्ल थर एवढं मिळाल्यावर तिला आणखी काही लागत नाही.

बुरशीवर नुसते थेंब घालून भागत नाही, आधी ती काढावी लागते. बारीक नळीने, दुर्बिणीखाली बघत, ओढून काढली. पाणी मारून कान धुण्याचा प्रश्नच नव्हता. गोळा निघाल्यावर त्यामागे पडदा दिसला आणि पडद्याच्या खालच्या भागात साधारण ३ मिलिमीटरचं भोक. कडा गुळगुळीत, म्हणजे जुनं. विचारल्यावर सासू म्हणाली, "लहानपणी हिचा कान फुटायचा म्हणं. पन ते कधीच बरं झालं की." वाहणं थांबलं होतं, भोक राहिलं होतं. तिला स्वतःला ते माहीत नव्हतं.

मी कंपनकाटा वाजवून आधी कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. तिला हाडावरचा आवाज मोठा वाटला. निरोगी कानात उलटं असतं. म्हणजे आवाज हवेतून आत पोचण्याच्या वाटेत अडथळा आहे. उपचार साधे होते, पण चिकाटीचे. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा सफाई, बुरशीविरोधी औषध, अंघोळीच्या वेळी कानाच्या तोंडाशी व्हॅसलिन लावलेला कापूस आणि अंघोळ होताच तो काढून टाकायचा. खाज थांबली तरी औषध आणखी दोन आठवडे. खाज गेली की औषध सोडणाऱ्यांची बुरशी परत येते.

औषध निवडतानाही भोकाचा विचार करावा लागला. काही थेंबांत अल्कोहोल असतं, ते मधल्या कानात गेलं की भयंकर झोंबतं. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविकं भोकातून आत गेली तर आतल्या कानाला, म्हणजे ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या मूळ यंत्रणेला, इजा करू शकतात. म्हणून मेडिकलमधून आणलेले, शेजारणीला लागू पडलेले थेंब हाही तेलापेक्षा सुरक्षित पर्याय नाही.

बरं वाटल्यावर शेवटच्या भेटीत सासूबाईंनी मला सरळ विचारलं, "डॉक्टरबाई, आमच्यात चार पिढ्या तेल घालत्यात. कुनाचं काय वाकडं झालं न्हाई. मग हिचंच कसं झालं?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर गुळमुळीत देऊन चालणार नव्हतं. मी म्हटलं, "आजी, पडदा धड असेल, कातडी निरोगी असेल, तेल खरंच कोमट असेल आणि दोनच थेंब असतील, तर बहुतेकांना काही होत नाही. कान ते हळूहळू बाहेर टाकतो. फायदा मात्र फारसा होत नाही. प्रश्न उरलेल्यांचा आहे. आणि आपण कोणातले, हे घरात बसून कळत नाही."

"खरंच कोमट" हे मी मुद्दाम म्हटलं. पाणी उकळायच्या बेतात आलं की वाफ येते, बुडबुडे येतात, ते आपल्याला बजावतं. तेल शंभर अंशांच्या कितीतरी वर गेलं तरी पळीत गुमान बसून असतं. लसूण लाल होतो तेव्हा ते चांगलंच कडकडीत असतं आणि लोखंडी पळी ती धग बराच वेळ धरून ठेवते. रात्री दोन वाजता, पोर रडत असताना, पाच मिनिटं पंधरा मिनिटांसारखी वाटतात. भाजलेला कान आणि पडदा मी पाहिला आहे. न भाजण्याइतपत तापलेलं किंवा उलट गार तेलही गंमत करतं: कानात गेलं की खोली गरगर फिरू लागते, ओकारी होते. आतल्या कानातलं द्रव तापमानातल्या फरकाने हलतं आणि मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय. चक्करच्या पेशंटची तपासणी करताना आम्ही याच गुणाचा उपयोग करतो. ३० आणि ४४ अंश सेल्सियसचं पाणी कानात सोडतो आणि बुबुळांची हालचाल बघतो. शरीराच्या तापमानापेक्षा सात अंशांचा फरक त्याला पुरतो.

लसणाच्या तेलाचा आणखी एक तोटा फक्त माझ्या खुर्चीवरून दिसतो. ते खुणा पुसतं. काही कानांतून अगदी थोडा, पण घाणेरड्या वासाचा स्राव येतो. त्या कानात पडद्याच्या वरच्या भागातून कातडी आत घुसून वाढत असते आणि हाड खात जाते. चेहऱ्याची नस आणि मेंदूचं आवरण तिथून फार दूर नसतं. याला शस्त्रक्रिया लागते आणि तो वास ही त्याची पहिली खूण असते. घरात लसणाचं तेल चालू असेल तर तो वास कुणाच्या लक्षातच येत नाही. मलासुद्धा आधी तेल पुसून काढावं लागतं, कारण तेलाच्या थरावर दिव्याचा उजेड चमकतो आणि मागचं काही दिसत नाही.

कधी तर कान ठीकच असतो. तंबाखू मळणाऱ्या एका साठीतल्या गृहस्थांचा डावा कान तीन महिने दुखत होता. सुनेने न चुकता तेल घातलं होतं. कान स्वच्छ, पडदा मोत्यासारखा. मी तोंड उघडायला सांगितलं, मग आरशाने घसा बघितला. जिभेच्या मुळाशी व्रण होता. घसा, जीभ, टॉन्सिल, दाढा या सगळ्यांच्या संवेदना वाहणाऱ्या नसांच्या फांद्या कानालाही येतात, त्यामुळे दुखतं तिथे आणि कळतं कानात. दाढ किडली असेल तर ते स्वस्तात सुटतं. पण तंबाखू, मिश्री, गुटखा खाणाऱ्याचा एकच कान दोन-तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल आणि कान नॉर्मल असेल, तर घसा दाखवलाच पाहिजे. तेलाने त्या गृहस्थांना अपाय केला नाही, फक्त तीन महिने घेतले.

मधुमेही वृद्धांबद्दलही मी कडक आहे. त्यांच्या नळीतली साधी जखम सूडोमोनास या जंतूमुळे कवटीच्या हाडात उतरू शकते. रात्री झोप उडवणारी कळ आणि पुढे तोंड वाकडं होणं ही तिची लक्षणं. साखर असलेल्या माणसाचा कान दुखला तर घरगुती प्रयोगात एक दिवसही घालवू नये.

तेलाची खरी जागा कोणती, हेही सांगते. कानात जिवंत किडा शिरला आणि फडफडू लागला, तर थोडं साधं खोबरेल तेल, लसूण न टाकता, न तापवता, कानात घालून ठेवावं. किडा गुदमरतो, फडफड थांबते. मग डॉक्टरकडे येऊन तो काढून घ्यावा. अर्थात, कान कधी वाहिलेला नसेल तरच. पोराने कानात हरभरा किंवा चिंचोका घातला असेल तर मात्र पाणी घालू नका. तो फुगतो आणि काढणं अवघड होतं.

कानापुरतं एवढं. नाकातल्या तेलाची मला जास्त भीती वाटते. कानाच्या नळीला निदान पडदा तरी असतो. नाकातून गेलेल्या तेलाला अडवायला फुप्फुसापर्यंत काहीच नाही.

बाळंतिणीच्या घरी न्हाऊ घालणारी मावशी येते. पाय लांब करून बाळाला पायांवर घेते, अंग चोळते, टाळू भरते आणि शेवटी दोन्ही नाकपुड्यांत तेलाचं बोट किंवा थेंब सोडते, काही ठिकाणी वरून फुंकरही मारते. नाक मोकळं होतं, नाकाला आकार येतो, अशी समजूत. बाळ उताणं असतं, रडत असतं, आणि रडणारं बाळ दोन हुंदक्यांच्या मध्ये जोरात श्वास आत ओढतं.

पाणी श्वासनलिकेच्या तोंडाशी गेलं तर आपल्याला ठसका लागतो. तेल मऊ, न झोंबणारं असतं. त्याने ठसका लागतोच असं नाही. ते गुपचूप सरकतं. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केस असतात, ते आत आलेली धूळ आणि शेंबूड वर ढकलत असतात. तेलाच्या थरात त्यांचं काम मंदावतं. शेवटी तेल फुप्फुसाच्या वायुकोशांत पोचतं. तिथल्या भक्षक पेशी तेलाचे थेंब गिळतात, पण सहज पचवू शकत नाहीत. तेलाने फुगलेल्या या पेशी साचत जातात आणि तो भाग सुजतो. याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. खनिज तेल, म्हणजे लिक्विड पॅराफिन, तिथे वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. वनस्पती तेलं त्या मानाने कमी दाह करतात. प्राणिज चरबी मात्र फुप्फुसात विघटित होऊन तिच्यातून मेदाम्लं सुटतात आणि दाह जास्त होतो. म्हणून "तेल नको तर साजूक तूप घालतो" हा उपाय नाही.

ही गोष्ट आजची नाही. नाकात तेल घातल्यानंतर होणाऱ्या न्यूमोनियाचं वर्णन लॉफलेन यांनी १९२५ सालीच केलं होतं. तेव्हा पाश्चात्त्य देशांतही नाकात तेलकट थेंब घालण्याची पद्धत होती. आणि दक्षिण भारतातल्या बाळांमधल्या याच आजाराविषयी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९७३ साली लेख आला होता.

गावातल्या बालरोगतज्ज्ञांनी एकदा पाच महिन्यांचं एक बाळ माझ्याकडे नाक बघायला पाठवलं. दोन महिने खोकला, श्वास जलद, दूध ओढताना मध्येच थांबणं. ताप कधी असे, बऱ्याचदा नसे. वजन वाढत नव्हतं. प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले होते. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरा डाग होता, तो पहिल्या दिवशी होता तसाच होता. क्षयाची तपासणी करून झाली होती, तीत काही निघालं नव्हतं. नाक सारखं चोंदतं, म्हणून आत काही जन्मजात अडथळा आहे का, एवढाच प्रश्न माझ्याकडे आला होता.

नाकाच्या दोन्ही बाजूंनी बारीक नळी सहज पलीकडे गेली. अडथळा नव्हता. पण नळी बाहेर आली ती तेलकट. मी बाळाच्या आजीला नेहमीचा प्रश्न विचारला, "नाकात तेल कोणतं घालता?" त्या म्हणाल्या, "घाण्याचं खोबरेल. रोज न्हाताना. आणि चोंदतं म्हणून आता रात्री पण." नाक चोंदतं म्हणून तेल, तेलाने आतली त्वचा सुजून आणि शेंबूड चिकटून नाक आणखी चोंदतं, म्हणून आणखी तेल. सोबतच्या खोकल्याचा या तेलाशी संबंध कुणी जोडला नव्हता, कारण आतापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

मी बालरोगतज्ज्ञांना फोन केला. बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे सीटी स्कॅन झाला. सीटीत पाण्याची घनता शून्य धरतात. चरबीची घनता उणे येते. न्यूमोनियाच्या डागात उणे ३० ते उणे १५० दरम्यानचा आकडा दिसला, की तिथे तेल-तूप असल्याची शंका पक्की होत जाते. बाळाच्या डागाचा काही भाग या पट्ट्यात होता. मग दुर्बिणीतून फुप्फुसात थोडं पाणी सोडून परत घेतलं. त्यातल्या पेशींवर चरबीचा रंग चढवला तेव्हा त्या थेंबांनी गच्च भरलेल्या दिसल्या.

उपचार काय, तर तेल बंद. एवढंच मुख्य. सोबत काही दिवस ऑक्सिजन आणि वरचेवर तपासणी. अशा बाळांना तेल फुप्फुसातून काढून टाकणारं औषध नाही. शरीर ते आपल्या गतीने साफ करतं. महिन्याभरात श्वास शांत झाला, दूध नीट जाऊ लागलं. एक्स-रेतला डाग फिका व्हायला मात्र कित्येक महिने लागले. उजवीकडे वरचाच भाग का, याचंही कारण आहे. उजवी श्वासनलिका रुंद आणि सरळ असते आणि उताण्या बाळात वरचा मागचा भाग सगळ्यात खाली येतो. तेल उताराकडे जातं.

वृद्धांतही हे घडतं, पण उलगडायला अधिक वेळ लागतो. लकवा झालेला, गिळताना ठसका लागणारा माणूस रोज रात्री झोपताना नाकात तुपाचे थेंब घालत असेल, तर छातीतला न हलणारा डाग आधी कर्करोगाचाच वाटतो.

नाकातलं तेल म्हटलं की समोरून नस्याचा मुद्दा येतो आणि यायलाच हवा. माझे काही स्नेही वैद्य आहेत, त्यांच्याशी बोलून मी अष्टांगहृदयातला नस्याचा अध्याय वाचला. तिथली शिस्त घरातल्या सवयीपेक्षा किती कडक आहे, हे बघून मला बरं वाटलं. वाग्भटाने नस्य सात वर्षांखालच्या मुलांना आणि ऐंशीच्या पुढच्या माणसांना वर्ज्य सांगितलं आहे. नव्या सर्दीत ते देऊ नये, जेवणानंतर लगेच देऊ नये, घशात उतरलेलं तेल गिळू नये, थुंकून टाकावं, असे नियम आहेत. दोन थेंबांचं सौम्य प्रतिमर्श नस्य मात्र जन्मापासून चालतं, असंही तिथेच म्हटलं आहे. त्यामुळे शास्त्र आपल्या बाजूने आहे असं मी आजींना सांगत नाही. एवढंच सांगते की थुंकून टाकणं ज्याला जमत नाही, त्याच्या नाकात तेल घातल्यावर ते कुठे जाणार याची हमी कुणीच देऊ शकत नाही. मोठ्या, धडधाकट माणसाला नस्य घ्यायचं असेल तर त्याने ते वैद्याकडून शिकून घ्यावं.

नाक चोंदलेल्या बाळासाठी पर्याय साधा आहे. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब मिळतात. दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब, थोडं थांबून बाहेर आलेला शेंबूड मऊ कापडाने टिपायचा. सुरुवातीचे काही महिने बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतं. दूध पिताना तोंड अडकलेलं असतं, म्हणून पाजण्याआधी नाक मोकळं करणं महत्त्वाचं. कापूर घातलेलं तेल तर नाकाजवळही नको. कापराने लहान बाळांना झटके आल्याच्या नोंदी आहेत.

हे सगळं मी सुनांना सांगितलं तर घरी पोचेपर्यंत ते वाद बनतं. म्हणून मी आजीला आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशीला बोलावते. त्यांच्या हातातली मालिश काढून घ्यायचा माझा हेतू नसतो. अंग चोळा, टाळूवर तेल लावा, कानामागे लावा, नाकाच्या बाहेर लावा. फक्त कोणत्याही भोकात तेल सोडू नका. दुखणाऱ्या कानावर बाहेरून कोमट कापडाचा शेक द्या, वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल द्या आणि दुसऱ्या दिवशी कान दाखवा. कान वाहत असेल, कानामागे सूज असेल, ताप चढत असेल, तोंड वाकडं वाटत असेल तर त्याच दिवशी.

मावशींना मी आणखी एक काम देते, कारण बाळाच्या उघड्या छातीकडे रोज बघणारी त्या घरातली तीच एक बाई असते. बाळ शांत असताना, पोट वर-खाली होताना बघत, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर न्हाणं राहू द्यायचं आणि बाळाला दवाखान्यात न्यायचं. आमच्या भागातल्या एक मावशी आता तेलाच्या वाटीशेजारी मनगटी घड्याळ ठेवतात. त्यांनी मोजून पाठवलेली बाळं माझ्याकडे येत नाहीत, बालरोगतज्ज्ञांकडे जातात, आणि ते सांगतात की त्यांचा आकडा चुकत नाही.